सगळी पुंजी एकाच धंद्यात असताना परताव्याचा दर कोणता धरावा?

पत्र : माझे वय ४८. कळमेश्वरजवळ माझे संत्र्याचे ग्रेडिंग, कोटिंग आणि पॅकिंगचे युनिट आहे, आणि काटोल तालुक्यात सहा एकर संत्र्याची बाग आहे. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. युनिटला लागून २ कोटी रुपये खर्चून शीतगृह बांधायचा विचार आहे. त्यातले ८० लाख माझे, १ कोटी २० लाख बँकेचे आणि तारण राहते घर. कर वजा जाता वर्षाला सरासरी ३४ लाख सुटतील असा अंदाज आहे. पुण्यात वित्तक्षेत्रात असलेला भाचा म्हणतो, "मामा, अशा धंद्याला भांडवलाचा खर्च १२.६ टक्के पडतो, तुम्हाला १७ मिळताहेत, मग अडता कशाला?" नागपूरचे एक व्यापारी कुटुंब निम्मी भागीदारी मागते आहे, पण ती द्यावीशी वाटत नाही. सही करायची वेळ आली की हात थांबतो. मी भित्रा आहे की भाच्याचे गणित चुकते आहे?
— एक वाचक, नागपूर जिल्हा

उत्तर :

दोघांपैकी एक जण चूक असलाच पाहिजे, असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. तुमच्या भाच्याचे गणित बरोबर आहे, मात्र ते ज्या माणसासाठी मांडले जाते तो माणूस तुम्ही नाही. आणि तुमचा थांबणारा हात ज्याची दखल घेतो आहे, त्याचाही आकड्यांत हिशेब मांडता येतो. तो आपण मांडून पाहू, म्हणजे भित्रेपणाचा प्रश्न बाजूला पडेल आणि शीतगृह कोणत्या अटींवर बांधावे, या खऱ्या प्रश्नाकडे येता येईल.

भाच्याने वापरलेली पद्धत विल्यम शार्प यांनी १९६४ साली आणि जॉन लिंटनर यांनी १९६५ साली मांडली, आणि तिचा पाया हॅरी मार्कोविट्झ यांच्या १९५२ सालच्या लेखात आहे. तिचा गाभा असा की, गुंतवणूकदाराने आपला पैसा अनेक कंपन्यांत विभागलेला आहे. त्याच्याकडे संत्र्याच्या एखाद्या कंपनीचे शेअर असले, तरी त्यांच्याबरोबर सिमेंटचे, औषधांचे, बँकांचे आणि सॉफ्टवेअरचेही शेअर आहेत. आंबिया बहाराला गारपिटीने झोडपले, फळगळ झाली, बांगलादेशाने संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवले किंवा ऐन हंगामात कॉम्प्रेसर बंद पडला, तर त्याच्या एकूण पैशावर ओरखडाही उठत नाही, कारण त्याच वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचे नशीब उघडलेले असते. त्याला टाळता येत नाही ती फक्त सगळ्यांना एकदम लागणारी झळ, म्हणजे व्याजदर वाढणे, मंदी येणे, बाजारच कोसळणे. या जोखमीला बाजारजोखीम म्हणतात आणि तिचे माप म्हणजे बीटा, म्हणजे बाजार १ टक्का हलला की तो शेअर सरासरी किती टक्के हलतो, तो आकडा. बाकीच्या जोखमीबद्दल बाजार जादा परतावा देत नाही, कारण पैसा विभागून ती फुकटात टाळता येते.

आकड्यांत पाहू. सरकारी रोख्यांवर ७ टक्के मिळतात आणि शेअर बाजाराकडून त्यावर आणखी ७ टक्क्यांची अपेक्षा आहे, असे धरा. अन्नप्रक्रियेतील नोंदणीकृत कंपन्यांवरून तुमच्या धंद्याचा बीटा ०.८ धरला, तर ७ अधिक ०.८ गुणिले ७ म्हणजे १२.६ टक्के. भाच्याचा आकडा बहुधा असाच आला असावा आणि त्यात दोष नाही.

पण वर सांगितलेली गारपीट, फळगळ आणि आयात शुल्क यांतले काहीही तुमच्या बाबतीत दुसऱ्या कशाने भरून निघत नाही. म्हणून तुमच्यासाठी धंद्याचा चढउतार संपूर्ण मोजावा लागतो, बाजाराशी जुळणारा भाग वेगळा काढून चालत नाही. शेअर बाजाराचा वार्षिक चढउतार, म्हणजेच प्रमाणित विचलन, १८ टक्के आणि तुमच्यासारख्या धंद्याचा ३६ टक्के धरू. दोघांतला सहसंबंध, म्हणजे ते किती बरोबरीने वरखाली होतात याचे माप, ०.४ धरला, की ०.८ हा बीटा बरोबर निघतो, कारण ३६ भागिले १८ म्हणजे २ आणि त्याला ०.४ ने गुणले की ०.८. विभागलेल्या पैशाच्या गुंतवणूकदाराला हे ०.४ ने गुणणे परवडते, तुम्हाला परवडत नाही. तुमचा आकडा २ च आहे. खासगी कंपन्यांच्या मूल्यांकनावर लिहिणारे अश्वथ दामोदरन यालाच टोटल बीटा म्हणतात, म्हणजे बाजाराचा बीटा भागिले बाजाराशी असलेला सहसंबंध. तो वापरला की ७ अधिक २ गुणिले ७, म्हणजे २१ टक्के होतात. सहसंबंधाचा वर्ग ०.१६ येतो, याचा अर्थ तुमच्या धंद्याच्या चढउताराचा (विचलनाच्या वर्गाने मोजलेला) फक्त १६ टक्के भाग बाजारामुळे आहे. उरलेला ८४ टक्के भाग संत्र्याचा, हवामानाचा आणि तुमच्या यंत्रांचा आहे, आणि भाच्याच्या दरात त्याची किंमत शून्य आहे.

आता हे दोन्ही दर तुमच्या शीतगृहाला लावा. सोयीसाठी ३४ लाख दरवर्षी असेच येत राहतील असे समजू आणि कर्ज तूर्त बाजूला ठेवू. अशा कायम येणाऱ्या उत्पन्नाला दराने भागले की त्याची आजची किंमत मिळते. १२.६ टक्क्यांनी ती सुमारे २ कोटी ७० लाख येते, आणि २१ टक्क्यांनी सुमारे १ कोटी ६२ लाख. बांधकामाचा खर्च २ कोटी. म्हणजे तेच शीतगृह पैसा विभागलेल्या माणसाला ७० लाखांचा फायदा देते आणि तुम्हाला ३८ लाखांच्या तोट्यात टाकते. उत्पन्न तेच, इमारतही तीच; फरक फक्त ती कोणाच्या नावावर आहे आणि त्या माणसाकडे दुसरे काय आहे, एवढाच आहे.

येथे तुमच्या ३४ लाखांबद्दल विचारतो. त्यांतून तुमचे स्वतःचे वेतन वजा केले आहे का? मालकच व्यवस्थापक असतो, तेव्हा ते बहुधा राहून जाते. शीतगृह चालवायला तुमच्या जागी पगारी व्यवस्थापक ठेवला आणि त्याला वर्षाला ६ लाख द्यावे लागले, तर उरतात २८ लाख आणि परतावा १४ टक्क्यांवर येतो. वेतनाचा संबंध जोखमीशीही आहे. ज्या वर्षी धंदा बसतो, त्या वर्षी तुमचे भांडवल आणि तुमची नोकरी दोन्ही एकदम जातात. नोकरदाराने आपल्याच कंपनीचे शेअर घेऊन ठेवू नयेत असे सांगतात, त्यामागे हेच कारण आहे, आणि तुमच्या बाबतीत ते अधिकच लागू पडते.

तुमची संपत्ती किती विभागलेली आहे, हे कागदावर मांडताना बाग वेगळी मोजू नका. ज्या वर्षी फळ गळते, त्या वर्षी बागही रिकामी असते आणि युनिटच्या पट्ट्यावरही माल नसतो, त्यामुळे बाग ही त्याच धंद्याची दुसरी शाखा आहे. घर तारण दिल्यावर तेही धंद्यातच गेले. खऱ्या अर्थाने वेगळी अशी तुमच्याकडे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पत्नीचा पगार, कारण संत्र्याचे भाव पडले म्हणून तो थांबत नाही. तो तुमच्या कुटुंबाकडे असलेल्या सरकारी रोख्यासारखा आहे, म्हणून तो हप्त्यांच्या हिशेबात धरू नका. बँक तो धरून कर्जाची रक्कम वाढवू पाहील, तरीही धरू नका. पगार हप्त्याला बांधला की शेवटचा वेगळा आधारही संत्र्यालाच जोडला जातो.

आता कर्ज पुन्हा हिशेबात आणू. १ कोटी २० लाख रुपये ११ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २ लाख ५ हजार, म्हणजे वर्षाला साधारण २४ लाख ६५ हजार. सरासरी वर्षात ३४ लाखांतून तो सहज निघतो. पण सरासरी वर्ष बँकेत हप्ता भरायला येत नाही. तुमची गेल्या आठ-दहा वर्षांची वहीखाती काढा आणि आंबिया व मृग या दोन्ही बहारांचा माल कमी आला, असे वर्ष शोधा. त्या वर्षी शीतगृह असते तर त्यात किती क्रेट आले असते आणि भाडे किती सुटले असते, ते मांडा. समजा १२ लाख सुटले असते. तर साडेबारा लाखांहून अधिक रक्कम युनिटमधून आणावी लागली असती, आणि त्याच वर्षी युनिटही सुकलेले असते. मालकाच्या दृष्टीने एकूण जोखीम महत्त्वाची ठरते, याचे हे सगळ्यात ठोस कारण आहे. मोठ्या नोंदणीकृत कंपनीला वाईट वर्षात नवे शेअर विकून पैसा उभा करता येतो. तुम्हाला मात्र त्या वर्षी शेतकऱ्यांना बागेची उचल देता येत नाही, मग पुढच्या हंगामाचा माल दुसऱ्याकडे जातो, आणि एका वर्षाचा खड्डा दोन वर्षांचा होतो. चढउतारामुळे असे प्रत्यक्ष नुकसान होते, म्हणून तो केवळ मनाच्या धास्तीचा विषय राहत नाही.

त्यात घर तारण आहे आणि बहुधा वैयक्तिक हमीही असेल. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असली, तरी या दोन सह्यांनंतर मर्यादित जबाबदारी कागदापुरती उरते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या तारणाविना कर्जासाठी सीजीटीएमएसई ही पतहमी योजना आहे, तिच्याबद्दल बँकेला अवश्य विचारा. तिच्यामुळे घर तारणातून वाचू शकते. मात्र ती हमी बँकेसाठी असते, हे लक्षात ठेवा. कर्ज बुडाले तर बँकेचे नुकसान काही अंशी भरून मिळते, तुमचे देणे माफ होत नाही.

भागीदारी नको, असे तुम्ही लिहिले आहे. त्याचे कारण तुम्ही दिलेले नाही, पण बहुतेक मालकांच्या मनात एकच गोष्ट असते की, १७ टक्क्यांचा धंदा अर्धा दुसऱ्याला का द्यावा. वरच्या हिशेबाकडे पुन्हा पाहिले, तर उत्तर दिसते. शीतगृहाचा निम्मा हिस्सा तुमच्यासाठी ८१ लाखांचा आहे. त्या कुटुंबाचा पैसा खरोखर विभागलेला असेल, तर तोच हिस्सा त्यांच्यासाठी १ कोटी ३५ लाखांचा आहे. या दोन आकड्यांमधल्या कोणत्याही किमतीला व्यवहार झाला, तरी त्यांचा लाभ होतो आणि तुम्हीही एकट्याने बांधण्यापेक्षा बऱ्या स्थितीत राहता. म्हणून निम्म्या खर्चात निम्मा वाटा, ही अट मान्य करण्याचे तुम्हाला कारण नाही. समजा त्यांनी निम्म्या हिस्स्यासाठी १ कोटी २० लाख दिले. ते देण्यासारखे आहेत, कारण त्यांना १५ लाखांचा लाभ उरतोच. तुमचे ८० लाख लागतात, त्या बदल्यात तुमच्या कठोर २१ टक्के दरानेही ८१ लाखांचा हिस्सा हाती राहतो, आणि बँकेच्या १ कोटी २० लाखांची गरजच संपते. घर मोकळे राहते आणि हप्ताही उरत नाही. ज्या प्रकल्पात तुम्ही एकटे ३८ लाखांनी मागे पडत होता, तोच या अटीवर तुम्हाला परवडतो.

मात्र हे कुटुंब १२.६ टक्क्यांचे गुंतवणूकदार आहे की नाही, ते तपासून पाहा. त्यांचे इतवारीत कापडाचे दुकान असेल, शहरात भाड्याचे गाळे असतील, काही पैसा शेअर आणि रोख्यांत असेल, तर ते खरे विभागलेले आहेत. पण त्यांचाही सगळा व्यापार कळमन्याच्या फळबाजारातला असेल, तर तुमच्या वाईट वर्षी त्यांचेही वर्ष वाईट असणार. मग ते चढी किंमत देणार नाहीत, आणि दिली तरी अडचणीच्या वेळी त्यांच्याकडून आधार मिळणार नाही. शीतगृह वेगळ्या एलएलपीत किंवा वेगळ्या कंपनीत ठेवा, तुमचे वेतन नफावाटपाच्या आधी करारातच लिहून घ्या आणि व्यवस्थापनाचा अधिकार स्वतःकडे राखा. तो हातून जाईल ही तुमची भीती असेल तर ती खरी आहे, पण तिचे उत्तर कराराच्या कलमांत शोधायचे असते. त्यासाठी १०० टक्के मालकी लागत नाही.

काही वाचकांच्या मनात येईल की, धंदा आहे तसा ठेवून उरलेली बचत इंडेक्स फंडात टाकली, तर आपणही विभागलेले गुंतवणूकदार होऊ. थोड्याफार प्रमाणात होतो, पण वाटते तितके नाही. वर धरलेल्या आकड्यांवरच हिशेब केला, तर संपत्तीचा निम्मा भाग बाजारात आणि निम्मा धंद्यात असताना धंद्याकडून मागायचा दर २१ वरून जेमतेम २० टक्क्यांवर उतरतो, कारण घरातल्या चढउताराचा मोठा वाटा अजूनही धंद्याचाच असतो. धंदा संपत्तीच्या पाव हिस्स्यावर आला, तर दर साडेसतरा टक्क्यांच्या आसपास येतो आणि पाचव्या हिस्स्यावर आला, तर सतराच्या किंचित खाली. तुमचा १७ टक्क्यांचा प्रकल्प एकट्याने पूर्ण खर्च घालूनही तेव्हा कुठे पात्र ठरतो. बचत बाहेर ठेवू नये, असे मी म्हणत नाही, जरूर ठेवा. पण दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकली म्हणजे भाच्याचा दर वापरायला मोकळे झालो, असे समजू नका.

दर खाली आणण्याचा एक अधिक सरळ मार्ग तुमच्या आराखड्यातच आहे. तुमच्यासाठी महत्त्वाचे हे आहे की, नवा प्रकल्प तुमच्या जुन्या धंद्याबरोबर वरखाली होतो की वेगळा. संत्र्याचे शीतगृह संत्र्याबरोबरच हलते. पण त्यातल्या काही खोल्या लाल मिरची, चिंच अशा मालासाठी भाड्याने दिल्या, तर संत्रा पडलेल्या वर्षीही त्या भरलेल्या असू शकतात. अशा खोल्यांच्या उत्पन्नाचा तुमच्या सध्याच्या संपत्तीशी सहसंबंध १ ऐवजी ०.५ असेल, तर मागायचा दर ७ अधिक १४ चे निम्मे, म्हणजे १४ टक्क्यांवर येतो. नवा भाग तुमच्या पुंजीच्या मानाने लहान असेपर्यंतच हा आकडा खरा राहतो, कारण तो मोठा झाला की स्वतःच तुमची मुख्य जोखीम बनतो. तांत्रिक अडचण अशी की, नागपुरी संत्र्याला साधारण ६ ते ७ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्क्यांहून जास्त आर्द्रता लागते, आणि तेवढ्या दमट हवेत मिरचीला बुरशी धरते. म्हणून खोल्या आणि त्यांचे नियंत्रण सुरुवातीपासूनच वेगळे हवे. खर्च वाढेल, पण तो वाढीव खर्च नेमका कशासाठी आहे, हे आता तुम्हाला सांगता येईल.

विम्याचा विचारही याच अंगाने करा. पैसा विभागलेल्या गुंतवणूकदाराला आगीच्या किंवा यंत्रबिघाडाच्या विम्याचे फारसे मोल नसते, कारण विमा कंपनीचा खर्च आणि नफा हप्त्यात मिळवलेला असतो आणि अशी जोखीम तो फुकटात टाळू शकतो. तुम्ही ती टाळू शकत नाही, म्हणून तुमच्यासाठी तोच हप्ता योग्य ठरतो. शीतगृहातील माल यंत्रबिघाडामुळे खराब झाल्यास भरपाई देणारा विमा मिळतो, तो घ्या. भाव पडण्याचा किंवा परदेशाने शुल्क वाढवण्याचा विमा मिळत नाही. तेवढी जोखीम भागीदारानेच वाटून घ्यायची असते.

२१ टक्के हा आकडाही दगडावरची रेघ मानू नका. तो संपत्तीचा प्रत्येक रुपया एकाच धंद्यात असलेल्या माणसाचा आहे, आणि तुमच्याकडे पत्नीचा पगार आहे, त्यामुळे तुमचा खरा दर त्याहून थोडा कमी असेल. उद्या पूर्ण युनिट विकायला काढले, तर हा दर किंमत ठरवायला वापरू नका, कारण विभागलेला खरेदीदार आपल्या दराने मोजेल आणि तुम्ही उगाच कमी किंमत सांगून बसाल. शिवाय धंद्यातून माणसाला केवळ पैसा मिळत नाही. टोबायस मॉस्कोविट्झ आणि अॅनेट व्हिसिंग-यॉर्गेन्सन यांनी २००२ साली अमेरिकेतील खासगी उद्योगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की, मालकांची बरीचशी संपत्ती एकाच धंद्यात अडकलेली असूनही त्यांचा एकूण परतावा शेअर बाजारापेक्षा जास्त नव्हता. स्वतःच्या मर्जीने काम करण्याचे समाधान हे त्याचे एक कारण मानले जाते. तुम्हालाही ते समाधान मोलाचे वाटत असेल, तर त्यासाठी दोन-तीन टक्के कमी स्वीकारायला हरकत नाही. मात्र ते किती टक्के, हे पत्नीबरोबर बसून ठरवा, कारण तारणाच्या कागदावर जे घर आहे ते दोघांचे आहे.

या आठवड्यात वहीखात्यातले ते वाईट वर्ष शोधा आणि भाच्याला पुण्याहून बोलावून घ्या. १२.६ टक्क्यांचा हिशेब त्याला त्या व्यापारी कुटुंबापुढे मांडू द्या, कारण चढी किंमत मागण्यासाठी त्याहून चांगला आधार तुम्हाला मिळणार नाही. बोलणी १ कोटी २० लाखांपासून सुरू करा आणि १ कोटी १० लाखांच्या खाली जाऊ नका. तेवढ्यावर ठरले, तर कमी पडणारे १० लाख पतहमी योजनेतून घरावर बोजा न चढवता उभे करता येतील का, ते बँकेत विचारा. त्याहून कमी मिळत असेल, तर यंदा दोनच खोल्यांचे शीतगृह बांधा, त्यातली एक मिरचीसाठी, आणि उरलेली जागा मोकळी ठेवा.